खर्चाच्या आधी बजेट कामून? नव्या सदस्यांना खजिनदाराचं पत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नव्या मित्रमैत्रिणींनो,

मी आपल्या इतिहास आणि निसर्ग मंडळाची यंदाची खजिनदार, थर्ड इयरला आहे. लातूरमध्येच वाढले, त्यामुळं बाजार, गाड्या, फ्लेक्सवाले, खानावळी हे सगळं ओळखीचं आहे. दरवर्षी नवीन पोरं-पोरी आली की तेच तेच प्रश्न विचारतात आणि ते रास्तच असतात, म्हणून यंदा सगळ्यांची उत्तरं एकाच पत्रात लिहायले. पत्र लांब झालंय, पण नळदुर्गच्या सहलीचा हिशोब जिथं आहे तेवढा भाग तरी वही-पेन घेऊन वाचा, कारण पुढच्या वर्षी तुमच्यातलंच कुणीतरी या खुर्चीत बसणार आहे.

खात्यात पैसे दिसायलेत, मग खर्च करायला अडचण काय आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पासबुकात जो आकडा दिसतो त्यातले बरेच पैसे आधीच कशाला ना कशाला लागलेले असतात, फक्त ते अजून दिलेले नसतात, एवढंच.

मी फर्स्ट इयरला असताना जुलैमध्ये मंडळाच्या खात्यात १८,००० रुपये होते. नवीन मेंबर, नवीन उत्साह, सगळ्यांना वाटलं टी-शर्ट काढू. ६० टी-शर्ट, २८० रुपयाला एक, म्हणजे १६,८०० झाले. टी-शर्ट छान आले, मीपण घातला, फोटो काढले. खात्यात राहिले १,२००. मग ऑगस्टच्या शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं की १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं प्रदर्शन आपल्याकडं दरवर्षी असतं आणि त्याला पाचेक हजार लागतात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, म्हणजे बाकी देशापेक्षा तेरा महिन्यांनी आपल्याकडं स्वातंत्र्य पोचलं, आणि आपलं मंडळ इतिहासाचं, त्या दिवशी काहीच केलं नाही असं होऊन कसं चालेल. त्या वर्षी घोटीव कागदावर हातानं लिहून चार तक्ते लावले, ते पण मनापासून केले होते, पण दरवर्षी येणारे शाळेचे वर्ग आले, पाच मिनिटांत बघून निघून गेले.

टी-शर्टचे पैसे कुणी खाल्ले नव्हते, चोरी नव्हती, बिलं पण होती. फक्त जुलैमध्ये कुणी सप्टेंबरचा विचार केला नव्हता. बजेट म्हणजे तेवढंच, जुलैमध्ये बसून मार्चपर्यंतचं लिहून काढायचं.

म्हणजे वर्षाचे एकूण पैसे किती आणि जातात कुठं?

यंदाचं सांगते. मागच्या वर्षीचे शिल्लक ३,४००. मेंबर ६०, वर्गणी २००, म्हणजे १२,०००. कॉलेजकडून मंजूर १५,०००. बेरीज ३०,४०० होते, ऐकायला लई वाटतं.

आता ठरलेली कामं बघा. तुमच्या स्वागताचा चहा-नाश्ता १,५००. सप्टेंबरचं प्रदर्शन ५,०००. दोन व्याख्यानं, पाहुण्यांचा प्रवास आणि शाल-श्रीफळ धरून ३,०००. भित्तिपत्रक वर्षभराचं १,०००. सहलीला ज्यांना पैसे भरणं जमत नाही अशा पाच जणांसाठी ३,०००. वर्षाअखेरचा कार्यक्रम ६,०००. आणि अचानक काही निघालं तर २,००० बाजूला. झाले २१,५००. त्याच्यावर पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी आपल्याला मिळाले तेवढे ३,४०० सोडायचेत, कारण जुलैमध्ये वर्गणी गोळा व्हायच्या आधी त्यांनापण चहा पाजावा लागतो. राहिले ५,५००.

हा शेवटचा आकडा खरा मोकळा पैसा आहे. तीस हजार चारशे नाही, साडेपाच हजार. टी-शर्ट पाहिजेत का? पाहिजेत, मलापण पाहिजेत. मग मंडळ प्रत्येकी ९० रुपये घालील, ६० जणांचे ५,४०० होतात, उरलेले १९० ज्यानं त्यानं भरायचे, आणि हे जानेवारीत ठरवायचं, कॉलेजचे पैसे खात्यात पडल्यावर. बजेट केलं म्हणून टी-शर्ट गेले असं नाही झालं, ते कधी आणि कसे येतील ते कळलं.

कॉलेजनं १५,००० मंजूर केलेत ना, मग ते आधीच का वापरत नाही?

कारण मंजूर होणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. आपल्याकडं पद्धत अशी आहे की आधी खर्च आपण करायचा, मग बिलं लावून अर्ज द्यायचा, प्रभारी सरांची सही, मग ऑफिसला, मग प्राचार्यांची सही, मग चेक. यात महिना जातो, मध्ये परीक्षा आली तर दोन महिने पण जातात. म्हणून सप्टेंबरच्या प्रदर्शनाचे पैसे नोव्हेंबरमध्ये येतील असं आपल्याला धरून चालावं लागतं. आणि सगळं बसत पण नाही त्यात, टी-शर्टचं बिल ऑफिस घेत नाही, जेवणाचं काही वेळा घेतं काही वेळा विचारतं.

म्हणून मी दोन कागद ठेवते. एकात वर्षाचा जमाखर्च, दुसऱ्यात महिन्याप्रमाणे हातात किती असतील. पहिल्या कागदावर सगळं बसतंय आणि दुसऱ्यावर सप्टेंबरच्या शेवटी हातात शून्य आहे असं होऊ शकतं, आणि फ्लेक्सवाल्याला आपण म्हणू शकत नाही की भाऊ, आमचे मंजूर आहेत. हा दुसरा कागद बहुतेक मंडळांत कुणी करतच नाही आणि अडचण नेमकी तिथंच येते.

वर्गणीचं पण तसंच. आपल्यातले निम्म्याहून जास्त जण औसा, निलंगा, रेणापूर, उदगीरकडच्या गावचे. घरी पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, मोंढ्यात माल गेल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये घरचे पेरणी-फवारणीत अडकलेले असतात. म्हणून ६० जणांचे १२,००० जुलैमध्ये जमा होतील असं मी कधीच धरत नाही, यंदा आत्तापर्यंत ४१ जणांनी दिलेत, ८,२०० झाले. बाकीच्यांना मी रोज विचारणार नाही, दिवाळीनंतर द्या, फक्त मला एकदा सांगून ठेवा म्हणजे मी तसं लिहून ठेवते.

सहलीचे ६०० रुपये कामून? मागच्या वर्षी तर ५०० होते.

हे नीट सांगते, कारण मागच्या वर्षीच्या त्या ५०० मुळंच मी खजिनदार व्हायचं ठरवलं.

मागच्या वर्षीपण आपण नळदुर्गलाच गेलो. बोरी नदीचं पाणी अडवून बांधलेला तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, आणि वरून पडणारे नर-मादी धबधबे, किल्ला बघावा तर पाऊस चांगला झाल्यावर, हे सगळ्यांना माहीत आहे. मोठी बस ठरली १४,००० ला, डिझेल त्यातच. ड्रायव्हरचा भत्ता ५००, टोल-पार्किंग ५००. झाले १५,०००. हा खर्च बसमध्ये दहा जण बसले काय आणि पन्नास बसले काय, तेवढाच राहतो, याला आपण ठरलेला खर्च म्हणू. मग डोक्यामागचा खर्च : सकाळचा चहा-पोहे ५०, दुपारचं जेवण १२०, तिकीट आणि पाणी ३०. माणशी २००.

मागच्या कमिटीनं हिशोब केला होता, नव्हता केला असं नाही. ५० जण येणार, १५,००० भागिले ५०, झाले ३००, त्यात २०० मिळवले, फी ५००. गणित बरोबर. पन्नास हा आकडा कुठून आला ते कुणी विचारलं नाही. ग्रुपवर ५० जणांनी अंगठा दाखवला होता, तो आकडा धरला. बसला ५,००० ॲडव्हान्स देऊन टाकला, जेवणाला पन्नास ताटं सांगितली.

सकाळी सहाला गेटवर ३८ जण. कुणाचं प्रॅक्टिकल लागलेलं, कुणाच्या घरी काढणी, दोघी आजारी, बाकीचे उठलेच नाहीत.

जमा झाले ३८ गुणिले ५००, म्हणजे १९,०००. खर्च बसचा १५,००० तसाच, माणशी २०० प्रमाणे ३८ जणांचे ७,६००, एकूण २२,६००. तूट ३,६००. आणि ताटं पन्नास सांगितलेली, तिथल्या मावशींनी पहाटेपासून भाकरी थापल्या होत्या, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी सगळं पन्नास जणांचं तयार, त्यांना आम्ही काय सांगणार की बारा जण आलेच नाहीत. जास्तीच्या १२ ताटांचे १,४४० दिले. तूट झाली ५,०४०.

परत येताना बस तुळजापूरच्या अलीकडं चहाला थांबली. सगळे खाली उतरलेले, गाणी चाललेली, आणि तेव्हाची आमची खजिनदार ताई बसमध्येच बसून मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तोच हिशोब परत परत करायली होती. मी चहा घेऊन गेले तर म्हणली, ठेव तिथं. लातूरला उतरल्यावर ड्रायव्हर काकांना उरलेले पैसे तिनं दिले, मेसचे बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. कुणाला बोलली नाही. तिला ते पैसे मंडळाकडून परत मिळायला जानेवारी उजाडला, तोवर तिनं एक वेळची मेस बंद केली होती, हे मला लई उशिरा कळलं. ती फायनलला होती, वरून घरची परिस्थिती माझ्यासारखीच. एका माणसानं मुकाट्यानं भरलं म्हणून बाकी ३७ जणांना सहल ५०० मध्ये झाली.

मग ६०० चा हिशोब कसा काढला?

किती जण येतील ते विचारायच्या आधी मी हे विचारते की कमीत कमी किती आले तर आपण बुडत नाही. ते काढणं लई सोपं आहे. फीमधून डोक्यामागचा खर्च वजा करा, जे राहील ते एक माणूस बसच्या खर्चात घालतो. ठरलेल्या खर्चाला त्यानं भागा.

फी ५०० धरली तर माणूस बसमध्ये घालतो ३००. १५,००० भागिले ३०० म्हणजे ५०. म्हणजे पन्नासच्या पन्नास आले तरच भागतं, एक जरी गळला तरी तूट सुरू. मागच्या वर्षी आपण नेमकं त्या टोकावर उभं होतो आणि कुणाला माहीत नव्हतं. फी ६०० केली तर माणूस घालतो ४००, १५,००० भागिले ४०० म्हणजे साडेसदतीस, ३८ धरा. ३८ आले की काठावर, वर जे येतील तेवढी शिल्लक.

मी यंदा रेषा ४० वर ठेवलीय. ४० आले तर जमा २४,०००, खर्च २३,०००, हातात १,००० राहतात, टायर पंक्चर झाला, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर तेवढं असावं. पन्नासच्या पन्नास आले तर ५,००० वाचतात, ते मंडळात ढकलणार नाही, सगळी बिलं चुकती झाल्यावर माणशी १०० परत करीन, तशी नोंद आत्ताच करून ठेवलीय. लोकांना आधी ५०० सांगून मग वरून १०० मागितले की लई भांडणं होतात, आधी ६०० घेऊन १०० परत दिले की कुणी काही म्हणत नाही, पैसे मात्र दोन्हीकडं तेवढेच लागतात.

आणि ४० नावं झालीच नाहीत तर?

तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी ते कळलं पाहिजे, सगळी गोम इथंच आहे. ॲडव्हान्सचे ५,००० एकदा गेले की परत येत नाहीत, मग माणूस हट्टानं सहल काढतो, कारण पैसे गुंतलेत. म्हणून यंदा क्रम उलटा. आधी नाव आणि ३०० रुपये, दोन्ही मिळून नाव पक्कं. ग्रुपवरचा अंगठा नाव म्हणून धरणार नाही, राग मानू नका. सहलीच्या तीन आठवडे आधी नावं बंद. ४० झाली की त्याच दिवशी बसला ॲडव्हान्स. उरलेले ३०० सहलीच्या आठवडाभर आधी. ताटांचा पक्का आकडा दोन दिवस आधी मावशींना फोनवर.

नावं २५ च झाली तर मिनी बस. मी विचारून ठेवलंय, साडेनऊ हजार म्हणले, भत्ता-टोल धरून साडेदहा. २५ जणांत माणशी ४२० आणि वरचे २००, झाले ६२०. म्हणजे २० रुपये जास्त, ते सगळ्यांना आधी विचारून घेऊ. अडचण येते ती मधल्या आकड्यात, ३०-३५ मध्ये. मिनी बसमध्ये बसत नाहीत, मोठ्या बसला परवडत नाहीत. तेव्हा एकतर दुसऱ्या विभागाच्या मुलांना सोबत घ्यायचं नाहीतर तारीख पुढं ढकलायची. हे पण आत्ताच लिहून ठेवलंय, म्हणजे त्या दिवशी मीटिंगमध्ये आवाज चढवून ठरवायला नको.

आणि एकदा पैसे भरून आला नाहीत तर डोक्यामागचे २०० दोन दिवस आधी सांगितलं तरच परत मिळतील. बसचे ४०० परत मिळणार नाहीत, कारण तुमची सीट तुमच्या नावानं रिकामी का होईना, गेलेली असते.

तारीख ठरवण्यात बजेटचा काय संबंध?

लई संबंध आहे. आपला रस्ता तुळजापूरवरून. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत तुळजापूरला किती गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको, पायी जाणारे भाविक, वळवलेली वाहतूक, गाड्या सगळ्या आधीच बुक. त्या दिवसांत तीच बस मला १९,००० सांगितली. तोच हिशोब लावून बघा, ठरलेला खर्च २०,००० होतो, भागिले ४००, म्हणजे पन्नास जण आले तर काठावर. परत मागच्या वर्षीच्या टोकावर जाऊन उभं राहिलो आपण. आणि दिवाळीनंतर लई उशीर केला तर बंधाऱ्यावरून पाणी पडायचं बंद झालेलं असतं, मग पोरं म्हणतात काय बघायला आणलं. म्हणून नवरात्राच्या आधीचा रविवार, पण मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रदर्शनाला धक्का लागणार नाही असा. कॅलेंडर उघडून बसलं की असे दोनच रविवार निघतात.

प्रदर्शनाला ५,००० कामून लागतात? फ्लेक्स तर स्वस्त असतो.

स्वस्त असतो, पाच तारखेला. २ बाय ३ फुटाचे २० पॅनेल, एका पॅनेलचे ६ चौरस फूट, मिळून १२०. २० रुपये फुटानं २,४००. स्टँड भाड्यानं १,०००. सुतळी, टेप, खिळे असलं ४००. उद्घाटनाच्या पाहुण्यांची शाल-श्रीफळ ५००, चहा ३००. झाले ४,६०० आणि ४०० राखून.

पण सोळा तारखेच्या संध्याकाळी फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बघा. सगळ्या शहराचे शुभेच्छांचे बोर्ड त्याच मशिनवर लागलेले असतात, पोरगं मान वर करून बघत पण नाही, भाव विचारला तर म्हणतो ४०, पाहिजे तर घ्या. मागच्या वर्षी आम्ही ५ तारखेला छापून घेतलं म्हणून खूष होतो आणि १६ ला रात्री लावताना दिसलं की एका पॅनेलवर १९४८ च्या जागी १९४७ छापलंय. मुक्तिसंग्रामाच्या प्रदर्शनात तोच आकडा चुकीचा. रात्री दहाला जाऊन ते एक पॅनेल परत छापून आणलं, ६ फूट, ४० नं, २४० रुपये. राखून ठेवलेले ४०० होते म्हणून कुणाच्या खिशाला हात लागला नाही. आता छापायच्या आधी दोन वेगळ्या माणसांनी मजकूर वाचून सही करायची असं ठेवलंय.

राखीव पैसे म्हणजे उधळायला सूटच की?

नाही. राखीव पैसे फक्त अशा गोष्टीला ज्या आधी कळणं शक्य नव्हतं, पॅनेल चुकलं, पाऊस आला म्हणून ताडपत्री लागली. स्वागताला गुलाबाची फुलं आणू असं मध्येच वाटलं तर ते त्यातून नाही. साधारण दहात एक या मापानं मी धरते, पहिल्यांदाच करत असलेला कार्यक्रम असला तर थोडं जास्त, कारण तिथं आपला अंदाजच कच्चा असतो.

बजेट ठरल्यावर बदलताच येत नाही का?

येतं की. दर दोन महिन्यांनी मीटिंगला मी बजेटच्या शेजारी खरा खर्च लिहून आणते. कुठं वाढला, कुठं वाचला ते दिसतं. एका ठिकाणी वाढवायचं असेल तर कुठून कमी करायचं ते त्याच बैठकीत सांगायचं, एवढी एकच अट. व्याख्यानाच्या पाहुण्यांना छत्रपती संभाजीनगरहून बोलवायचंय, गाडीभाडं जास्त लागतंय, ठीक आहे, वर्षाअखेरच्या कार्यक्रमातून हजार काढू. सगळ्यांना चालतंय का विचारू आणि इतिवृत्तात लिहू. सरांना पण ते पटतं, कारण त्यांना सही करताना कागद दिसतो.

मी दुकानातून काही आणलं तर पैसे कसे मिळतील?

आणायच्या आधी मला विचारा, बजेटमध्ये त्यासाठी किती शिल्लक आहेत ते मी लगेच सांगीन. मग पक्कं बिल घ्या, कॉलेजच्या आणि मंडळाच्या नावानं, तारखेसकट. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नाही, त्यावर पैसे कुणाला गेले ते कळतं, कशाचे गेले ते कळत नाही, ऑफिस तो परत पाठवतं. ऑटो, चहा असल्या बिल न मिळणाऱ्या गोष्टींना व्हाउचर भरा, सही करा. कुणाला ५,००० च्या वर रोख दिले तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्यायची, बसवाल्याकडून विशेष करून. टिकाऊ वस्तू घेतली, समजा स्पीकर, तर ती वस्तूंची नोंद ठेवतात त्या डेड स्टॉक रजिस्टरला चढवायची.

आणि स्वतःच्या खिशातून भरून "नंतर बघू" म्हणू नका. मला माहीत आहे तुम्ही मनानं करता. पण ताईचं मी वर सांगितलंच. कुणाला पैसे घालावे लागणार असं दिसलं तर मला त्याच दिवशी रात्री फोन करा, कितीपण वाजलेले असू द्या.

सहलीचे पैसे भरणं खरंच जमत नसेल तर?

मला किंवा विभागातल्या मॅडमला एकट्यात सांगा. पाच जणांचे ३,००० त्यासाठीच आहेत, ते मंडळाच्या बजेटमधून सहलीच्या खात्यात भरले जातात, म्हणजे यादीत तुमचं नाव बाकीच्यांसारखंच पैसे भरलेलं दिसतं. कुणाला दिले ते कुठल्याच कागदावर नावानं येत नाही, फक्त रक्कम येते. पाचापेक्षा जास्त जण असले तर राखीव दोन हजारांतून बघू, त्यासाठी नावं बंद व्हायच्या आधी सांगितलं पाहिजे, नंतर माझ्या हातात काही राहत नाही.

आत्ता लगेच आम्ही काय करायचं?

वर्गणी आत्ता देणार का दिवाळीनंतर ते मला कळवा. सहलीला येणार असाल तर ३०० तयार ठेवा, तारीख या शनिवारच्या मीटिंगला पक्की होईल, तीन वाजता, इतिहास विभागात. तिथं वर्षाच्या बजेटचा कागद भिंतीवर लावलेला असेल, पेन्सिल घेऊन या, जिथं आकडा पटत नाही तिथं गोल करा. मागच्या वर्षीची ताई पण यायलीय, बसवाल्यांशी कसं बोलायचं ते तिच्याकडून ऐकून घ्या.

तुमची खजिनदार